पाचाचं स्टिकर आणि रोजची वही

सदर : कामाच्या गोष्टी



आपल्या मंडळाच्या कुठल्याही कार्यक्रमात जेवणाची रांग लागली, की रांगेत निदान एक तरी गृहिणी अशी भेटते जी घरून डबे देते, पुरणपोळ्यांच्या ऑर्डरी घेते किंवा दिवाळीत चकल्या-चिवडा विकते. एखादा उत्साही गडी स्वतःचं छोटं रेस्टॉरंट काढण्याच्या विचारात असतो. या सगळ्यांचे प्रश्न ठरलेले. फूड लायसन्स कुठे मिळतं? दर वर्षी नूतनीकरणाला किती पैसे पडतात? आणि ते हिरवं-काळं आकड्याचं स्टिकर दारावर लावावंच लागतं का?

तिन्हींची थोडक्यात उत्तरं अशी. इथे ब्रिटनमध्ये साध्या खाद्यव्यवसायाला लायसन्स नसतं, नोंदणी असते. तिला पैसे पडत नाहीत आणि तिचं नूतनीकरणही नसतं. स्टिकर लावणं सक्तीचं आहे की नाही, ते तुमचं दुकान इंग्लंडात आहे की वेल्समध्ये यावर ठरतं. पण चौथा एक प्रश्न आहे, जो सहसा कोणी विचारत नाही आणि जो सगळ्यांत महत्त्वाचा आहे: तो आकडा ठरतो कसा? आपल्यातल्या बऱ्याच जणांची समजूत अशी, की स्वयंपाकघर लखलखीत असलं की पाच मिळणारच. तसं होत नाही. का होत नाही, ते आज जरा सविस्तर पाहू.

आधी नोंदणी. खाद्यपदार्थ नियमितपणे विकणाऱ्या प्रत्येकाने, मग तो घरच्या ओट्यावर का करेना, धंदा सुरू करण्याच्या किमान २८ दिवस आधी आपल्या काउन्सिलकडे नोंदणी करायची असते. अर्ज ऑनलाइन होतो आणि काउन्सिल तो नाकारू शकत नाही. २८ दिवस झाले, की अधिकारी अजून आलेले नसले तरी तुम्ही विक्री सुरू करू शकता. मंडळाच्या गणेशोत्सवात वर्षातून एकदा सगळ्यांनी मिळून केलेल्या स्वयंपाकाला सहसा नोंदणी लागत नाही, पण अन्न सुरक्षित असण्याची जबाबदारी तिथेही असतेच. दर महिन्याला नेमाने जेवण विकायला लागलात, तर मात्र काउन्सिलला विचारून घ्या. शिवाय घर भाड्याचं असेल तर घरमालकाची परवानगी, विमा आणि आयकर या गोष्टी वेगळ्या. नोंदणीने त्या सुटत नाहीत.

नोंदणीनंतर कधीतरी काउन्सिलचे पर्यावरण आरोग्य अधिकारी येतात. यांना इथे सगळे ईएचओ म्हणतात. रेस्टॉरंटमध्ये ते न सांगता येतात. राहत्या घरात मात्र जबरदस्तीने शिरायचं तर कायद्याने २४ तासांची सूचना द्यावी लागते, त्यामुळे घरगुती व्यवसायाच्या बाबतीत बहुधा आधी फोन करून वेळ ठरवतात. त्यांच्या भेटीनंतर शून्य ते पाच यांपैकी एक आकडा मिळतो. पाच म्हणजे फार चांगलं, तीन म्हणजे सर्वसाधारण समाधानकारक, शून्य म्हणजे तातडीने सुधारणा हवी. ही फूड हायजीन रेटिंगची पद्धत २०१० पासून इंग्लंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंडमध्ये आहे. स्कॉटलंडची पद्धत निराळी. तिथे आकडे नाहीत, ‘पास’ किंवा ‘सुधारणा आवश्यक’ एवढंच.

आता गणित. मी पेशाने इंजिनियर, त्यामुळे मला या योजनेतला हाच भाग सगळ्यांत रोचक वाटतो. अधिकारी तीन गोष्टींना गुण देतात. पहिली, अन्न हाताळण्याची पद्धत: शिजवणं, थंड करणं, पुन्हा गरम करणं, साठवणं. दुसरी, जागा: स्वच्छता, बांधणी, हात धुण्याची सोय, उजेड, उंदीर-झुरळांचा बंदोबस्त. तिसरी, व्यवस्थापनावरचा विश्वास. म्हणजे तुम्ही आज जे नीट करताय ते उद्या आणि परवाही नीट कराल, याची खात्री अधिकाऱ्यांना किती वाटते. गंमत अशी, की इथे गुण जितके कमी तितकं चांगलं. पहिल्या दोन गोष्टींना प्रत्येकी ० पासून २५ पर्यंत पाच-पाचच्या पायऱ्यांनी गुण असतात. तिसरीला ०, ५, १०, २० किंवा ३०. दहानंतर एकदम वीस, हे लक्षात ठेवा.

मग बेरीज करतात. १५ पर्यंत बेरीज असली तर रेटिंग पाच, २० ला चार, २५ किंवा ३० ला तीन, ३५ किंवा ४० ला दोन, ४५ किंवा ५० ला एक आणि त्यापुढे शून्य. पण बेरजेवर भागत नाही. प्रत्येक पायरीला आणखी एक अट आहे. पाच हवे असतील तर तिन्हींपैकी एकाही गोष्टीला ५ पेक्षा जास्त गुण नसावेत. चार किंवा तीनसाठी एकाही गोष्टीला १० पेक्षा जास्त नसावेत. दोनसाठी ही मर्यादा १५ ची, एकसाठी २० ची. थोडक्यात, दोन विषयांत पहिला नंबर आणला तरी तिसऱ्यात गाडी घसरली, तर निकाल त्या तिसऱ्या विषयाचा लागतो.

एक उदाहरण घेऊ. समजा, हॅरोमधल्या एक वहिनी दर शुक्रवारी वीस डबे देतात. पोळ्या, बटाट्याची भाजी, वरण, भात आणि ज्यांना हवा त्यांना चिकनचा रस्सा. ओटा आरशासारखा, भांडी घासून-पुसून जागच्या जागी, फ्रिजमध्ये कच्चं चिकन खालच्या कप्प्यात झाकून. अधिकारी बाई येतात, बघतात, मान डोलावतात. मग विचारतात, “चिकन आतपर्यंत शिजलं हे तुम्हाला कसं कळतं?” वहिनी म्हणतात, “वीस वर्षं करतेय, वासावरनं कळतं.” “भात कधी शिजवता, आणि डबे निघेपर्यंत कुठे असतो?” “सकाळी लवकर. कुकरमध्येच असतो.” “हे सगळं तुम्ही कुठे लिहून ठेवलंय का?” “लिहायचं काय त्यात?”

अशा भेटीत हाताळणीला ५ आणि जागेला ५ गुण पडले, आणि लेखी पद्धत काहीच नाही म्हणून तिसऱ्या रकान्यात २० पडले, असं धरू. बेरीज ३०. नुसत्या बेरजेवर तीन मिळायला हवेत. पण २० हा गुण १० च्या वर आहे, म्हणून तीन गेले. १५ च्याही वर आहे, म्हणून दोनही गेले. हाती राहिला एक, म्हणजे ‘मोठी सुधारणा आवश्यक’. हाच आकडा वेबसाइटवर लागतो आणि डबा मागवणारा तोच वाचतो. आत ओटा किती चकचकीत होता, हे त्याला कुठून कळणार?

याला अन्याय म्हणण्याआधी भाताचा प्रश्न नीट बघू, कारण अधिकारी बाईंचा रोख तिथेच होता. कच्च्या तांदळात बॅसिलस सेरियस नावाच्या जिवाणूंचे बीजाणू असू शकतात. भात शिजला तरी ते मरत नाहीत. भात कोमट राहिला की ते जागे होतात, वाढतात आणि विष तयार करतात. हे विष पुन्हा गरम केल्याने जात नाही. म्हणजे ‘खाताना चांगला वाफवून घेऊ’ हा आपला हुकमी उपाय इथे लागू पडत नाही. अशा भाताला वास येईलच असंही नाही, तेव्हा वीस वर्षांचा अनुभव इथे मदतीला येत नाही.

मग करायचं काय? भात एक तर ६३ अंश सेल्सियसच्या वर गरम ठेवायचा, नाही तर लवकर थंड करून फ्रिजमध्ये टाकायचा. जेवण देताना गरम अन्न ६३ च्या खाली येऊ शकतं, पण ते एकदाच आणि दोन तासांच्या आत. आता तीन किलो तांदळाचा भात उभ्या पातेल्यात झाकून ठेवला, तर वरचा थर निवतो आणि मधला गोळा तासन्‌तास कोमट राहतो. उष्णता बाहेर पडायला लागणारा वेळ थराच्या जाडीच्या साधारण वर्गाच्या प्रमाणात वाढतो. जाडी निम्मी केली तर वेळ चौथाईवर येतो. म्हणून तो भात दोन-तीन परातींमध्ये बोटभर जाडीने पसरा. तासाभरात फ्रिजमध्ये जाण्याइतका निवेल. फ्रिजमधला भात २४ तासांच्या आत संपवा आणि एकदाच, चांगला वाफाळेपर्यंत गरम करा. वहिनींच्या बाबतीत सगळ्यांत सोपा उपाय म्हणजे भात पहाटे लावायचाच नाही. डबे निघायच्या तासभर आधी लावायचा आणि गरम भरायचा.

चिकनच्या प्रश्नाचं उत्तर दहा-पंधरा पौंडांच्या सुईच्या थर्मामीटरमध्ये आहे. सगळ्यांत जाड तुकड्याच्या मध्यात सुई टोचली आणि ७० अंश दोन मिनिटं टिकलं, किंवा ७५ अंश अर्धा मिनिट टिकलं, की झालं. हा थर्मामीटर खरं बोलतो की नाही तेही तपासता येतं. बर्फाच्या पाण्यात धरला तर उणे १ ते १ च्या मध्ये दाखवायला हवा, उकळत्या पाण्यात ९९ ते १०१ च्या मध्ये. याबाहेर गेला तर बदलून टाका. सुई टोचण्याआधी आणि नंतर पुसून निर्जंतुक करायला विसरू नका. फ्रिजचंही तसंच. इंग्लंडात कायद्याची मर्यादा ८ अंशांची, पण फ्रिज ५ वर लावून ठेवावा. शुक्रवारी दिवसभर दार उघडझाप होतं, तेव्हा तीन अंशांची ही शिल्लक कामी येते.

जागेच्या रकान्यात आपल्याकडे दोन ठिकाणी गुण वाढतात. एक, हात धुणं आणि भांडी-भाज्या धुणं एकाच सिंकमध्ये. घरी लगेच दुसरं बेसिन बसवणं शक्य नसतं. दीड भांड्यांचं सिंक असेल तर लहान भाग हातांसाठी राखून ठेवावा, बाजूला साबण आणि कागदी टॉवेल असावेत आणि ही सोय आपल्या अधिकाऱ्यांना चालते का, हे आधीच विचारून घ्यावं. दुसरं, ओटा पुसायचं फडकं. एकच ओलं फडकं सकाळपासून रात्रीपर्यंत सगळीकडे फिरतं. त्यापेक्षा आधी साबणाने पुसा, मग जंतुनाशक मारा. जंतुनाशकाच्या बाटलीवर BS EN 1276 किंवा BS EN 13697 असं लिहिलेलं असावं. त्यावर किती वेळ ओलं ठेवायचं तेही छापलेलं असतं, कुठे तीस सेकंद, कुठे पाच मिनिटं. मारलं आणि लगेच पुसलं, तर पैसे वाया.

आता त्या तिसऱ्या रकान्याकडे, म्हणजे वहीकडे येऊ. फूड स्टँडर्ड्स एजन्सीने छोट्या व्यावसायिकांसाठी ‘सेफर फूड, बेटर बिझनेस’ नावाचा संच तयार केला आहे. तो food.gov.uk वर फुकट मिळतो. त्याचे दोन भाग समजा. पहिल्यात तुमच्या पद्धती: कच्चं-शिजलेलं वेगळं कसं ठेवता, सफाई कशी करता, थंड कसं करता, शिजवता कसं. तुमच्या स्वयंपाकघरात जे खरोखर होतं तेच रिकाम्या जागांत लिहायचं. “भात परातीत पसरून निववतो, तासाच्या आत फ्रिजमध्ये” इतकं साधं वाक्य पुरतं. दुसरा भाग म्हणजे रोजनिशी. कामाच्या दिवशी सुरुवातीची आणि शेवटची तपासणी करून खूण करायची आणि सही करायची.

इथे बहुतेकांना भीती वाटते, की प्रत्येक पातेल्याचं तापमान दर तासाला लिहायचं. तसं नाही. या संचाची युक्ती अशी, की सगळं ठरल्याप्रमाणे झालं तर सही पुरे. काही बिघडलं तरच लिहायचं: काय बिघडलं आणि तुम्ही काय केलंत. उदाहरणार्थ, “फ्रिज ११ अंश दाखवत होता. दार नीट लागलं नव्हतं. रात्रभर उघडं असावं म्हणून चिकन फेकलं, दुसरं आणलं.” अशी एक ओळ अधिकाऱ्यांना महिनाभराच्या कोऱ्या सह्यांपेक्षा जास्त सांगून जाते. दर चार आठवड्यांनी मागे वळून बघायचं, एकच गोष्ट पुन्हा पुन्हा बिघडतेय का ते तपासायचं आणि त्याप्रमाणे पद्धत बदलायची.

वही आदल्या रात्री बसून भरलेली असेल तर ते लपत नाही. सगळ्या सह्या एकाच पेनाच्या, एकाच दाबाच्या. तुम्ही भारतात गेला होतात त्या आठवड्यातही रोजची सही. कधी तर उद्याच्या तारखेचीही. वर्षभरात एकदाही काही बिघडलेलं नाही, हेही खरं वाटत नाही. अशी वही नसल्याइतकीच वाईट, कारण तिसरा रकाना विश्वासाचाच आहे.

आपल्या वहिनींनी पहिल्या दिवसापासून ही वही ठेवली असती, तर तिसऱ्या रकान्यात ५ पडून बेरीज १५ आणि रेटिंग पाच, हे सहज शक्य होतं. वही आहे पण नुकतीच सुरू केलीय, म्हणून १० पडले असते, तरी बेरीज २० आणि रेटिंग चार. स्वयंपाकघर तेच, ओटा तोच, चिकन तेच. फरक एका वहीचा आणि एका थर्मामीटरचा.

आता एक पडला तर पुढे काय? निकाल लेखी मिळतो. तो चुकीचा वाटत असेल तर २१ दिवसांत अपील करता येतं. अपील म्हणजे ‘भेटीच्या दिवशी जे होतं त्याचे गुण चुकीचे दिले’ असं म्हणणं. नंतर केलेल्या सुधारणा त्यात धरत नाहीत. सुधारणा केल्या असतील तर पुन्हा भेटीची विनंती करायची. बऱ्याच काउन्सिल त्याचे पैसे घेतात, तेव्हा आधी विचारा. आणि तयारी करूनच बोलवा, कारण नवा आकडा वर जाऊ शकतो तसा खालीही येऊ शकतो. यांशिवाय ‘आपली बाजू’ म्हणून एक छोटं निवेदन देता येतं, ते वेबसाइटवर रेटिंगसोबत दिसतं.

आता स्टिकरचा प्रश्न. वहिनींच्या हॅरोत, म्हणजे इंग्लंडात, ते लावणं ऐच्छिक आहे. म्हणूनच एक-दोनवाल्यांच्या काचेवर ते सहसा दिसत नाही. पण न लावल्याने आकडा लपत नाही, ratings.food.gov.uk वर नाव टाकलं की निघतो. राहत्या घरातून धंदा असेल तर पूर्ण पत्ता तिथे छापत नाहीत, त्यामुळे ती काळजी नको. लावलेलं स्टिकर मात्र चालू रेटिंगचंच असलं पाहिजे. चार झाल्यावर जुना पाच काचेवर तसाच ठेवणं ही गिऱ्हाइकाची फसवणूक ठरते.

समजा, या वहिनींचे धाकटे दीर वेल्समध्ये, कार्डिफला, छोटं रेस्टॉरंट विकत घेतात. तिथे नियम पालटतो. वेल्समध्ये नोव्हेंबर २०१३ पासून आणि उत्तर आयर्लंडमध्ये ऑक्टोबर २०१६ पासून स्टिकर लावणं कायद्याने सक्तीचं आहे, आकडा काहीही असो. गिऱ्हाइकांच्या प्रत्येक दाराशी, आत शिरण्याआधी स्पष्ट वाचता येईल असं ते लावायचं. मागच्या गल्लीतही गिऱ्हाइकांचं दार असेल तर तिथेही. मेनूकार्डाखाली अर्धं झाकलेलं चालत नाही. कोणी प्रत्यक्ष किंवा फोनवर विचारलं तर खरा आकडा सांगावा लागतो, म्हणून काउंटरवरच्या पोरालाही तो माहीत हवा. वेल्समध्ये स्टिकर न लावल्यास दोनशे पौंडांचा दंड होऊ शकतो.

दीरांचा घोटाळा मात्र वेगळ्याच ठिकाणी होऊ शकतो. विकत घेतलेल्या दुकानाच्या दारावर आधीच सुंदरसा पाच चिकटवलेला असतो, आणि विकणाऱ्याने तो दाखवून किंमतही चढवलेली असते. पण तो पाच जुन्या मालकाचा. रेटिंग आणि नोंदणी मालक बदलला की पुढे चालत नाही. दीरांनी २८ दिवस आधी स्वतःच्या नावाने नवी नोंदणी करायची, ताबा मिळाल्यावर जुनं स्टिकर काढायचं आणि स्वतःच्या तपासणीची वाट पाहायची. दुकान घेताना त्या पाचासाठी जास्त पैसे मोजू नका. त्यापेक्षा मागचा तपासणी अहवाल मागून घ्या. भिंतीतली ओल आणि तुटक्या फरश्या मालकाबरोबर जात नाहीत, त्या तुमच्याच गळ्यात पडतात.

राहिलं नूतनीकरण. नोंदणीला मुदत नाही, म्हणून ‘तुमची फूड नोंदणी संपतेय, इतके पौंड भरा’ असं पत्र किंवा ईमेल आलं तर पैसे भरण्याआधी काउन्सिलला स्वतः फोन करा. पत्रातल्या नंबरावर नको. मात्र पत्ता, मालक किंवा कामाचं स्वरूप बदललं तर काउन्सिलला कळवायचं. फराळावरून डब्यांवर गेलात, डब्यांत चिकन आणलंत, तर तेही कळवण्यासारखंच. रेटिंगलाही ठरावीक मुदत नाही. पुढच्या तपासणीपर्यंत ते चालतं आणि ती तपासणी कधी, हे धोक्यावर ठरतं. जास्त धोक्याच्या ठिकाणी सहा महिन्यांत, बेताच्या ठिकाणी दोन वर्षांत, अगदी कमी धोका असेल तर त्याहूनही उशिरा. म्हणजे आजचा पाच तुम्हाला वर्ष-दीड वर्ष पुरेल, पण आजचा एकसुद्धा तितकाच चिकटून बसेल.

लोक भिंतीवर फ्रेम करून लावतात ते लेव्हल टूचं प्रमाणपत्र वेगळं. फूड हायजीनचा हा छोटा अभ्यासक्रम ऑनलाइन काही तासांत होतो. कायदा त्या कागदाची सक्ती करत नाही. कायदा एवढंच म्हणतो, की अन्न हाताळणाऱ्याला त्याच्या कामापुरतं शिक्षण आणि देखरेख मिळालेली असावी. तरी तो करून घ्यावा, कारण ते दाखवायचा तो सोपा मार्ग आहे. त्याचीही कायदेशीर मुदत नसते, पण दर तीन वर्षांनी उजळणी करायचा प्रघात आहे.

एक मर्यादा सांगून ठेवतो. हा आकडा चवीबद्दल काही सांगत नाही. पदार्थात शेंगदाणे, तीळ, मोहरी, दूध आहे का, हेही सांगत नाही. ती माहिती गिऱ्हाइकाला देण्याची जबाबदारी वेगळी आणि तितकीच कडक आहे. आपल्या डब्यातलं सगळ्यांत फसवं नाव म्हणजे हिंग. बाजारातल्या बऱ्याच बांधानी हिंगात गव्हाचं पीठ असतं. तेव्हा ‘यात गहू नाही’ असं वरणाबद्दल सांगण्याआधी हिंगाच्या डबीवरची बारीक अक्षरं वाचा.

या वर्षी ज्यांना दिवाळीचा फराळ विकायचा आहे, त्यांच्यासाठी हिशोब सोपा आहे. ऑर्डरी नवरात्रात सुरू होतात. त्याच्या २८ दिवस मागे गेलं, की आपण गणपतीच्या आसपास पोचतो. म्हणजे गणपती बसण्याआधी काउन्सिलचा अर्ज भरून टाका, त्याच आठवड्यात संच उतरवून पद्धती लिहून काढा, आणि पहिली चकली तळाल त्या दिवशी वहीत पहिली सही करा. चकलीला भातासारखा धोका नाही, पण सवय तिथेच लागते.